मावशीच्या नावापुढचे पाचशे

मावशी फोनवर म्हणाली, "अगं, सवडीने दे, मी कुठे मागतेय?" तेव्हापासून वही पुढ्यात घेऊन बसलेय. तिने मागितले असते तर बरं झालं असतं. मागणाऱ्याला निदान तारीख तरी सांगता येते.

महिन्याला हातात 52,000 येतात. भाडं 12,000, किराणा-भाजी-दूध 11,000, वीज-गॅस-फोन 3,000, शाळा आणि जाणं-येणं 5,500, रोजच्या गोळ्या 3,500. झाले 35,000. दवाखान्यासाठी काढलेल्या तीन लाखांचा हप्ता 9,964. तो 12 टक्क्यांनी, 36 महिन्यांचा आहे, पाच तारखेला आपोआप कापला जातो, त्यात काही ठरवायचं नसतं. राहिले 7,036. सगळं डोकं खातात ते हेच.

यातून दोन देणी भागवायची: कार्डावरचे 40,000 आणि मावशीचे 60,000. कार्डाला महिना 3 टक्के व्याज, मावशीला शून्य.

पण आधी 1,500 बाजूला. पहिल्या आराखड्यात हेच चुकलं होतं. गोळ्या धरल्या, पण दर तीन महिन्यांची तपासणी धरली नाही, कारण ती दर महिन्याला समोर येत नाही. तिसऱ्या महिन्यात 4,500 एकदम लागले, कार्ड घासलं आणि तोवर फेडलेलं बरंचसं परत वर चढलं. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्यामुळे त्या 4,500 वर पहिल्या दिवसापासून व्याज लागलं. म्हणून आता तीनाने भागून दर महिन्याला 1,500 पाकिटात.

उरले 5,536. कार्डाला 5,000, मावशीला 500.

पाचशे! साठ हजारांवर पाचशे. हा आकडा लिहिताना पेन अडतं. तिने मोडलेली ठेव आठवते, आणि पुढचं नकोच.

म्हणून काल उलटं मांडून पाहिलं. मावशीला 3,000, कार्डाला 2,500. बरं वाटलं, जरा माणसात आल्यासारखं. मग कार्डाचा हिशेब केला. 40,000 वर पहिल्या महिन्याचं व्याजच 1,200. म्हणजे 2,500 मधले फक्त 1,300 मुद्दलातून गेले. (बिलावरची 'किमान रक्कम' 5 टक्के धरली तर 2,000, त्यातले जेमतेम 800 मुद्दलात. ती भरली की दंड टळतो, कर्ज तिथेच बसून राहतं.) अशाने मावशी विसाव्या महिन्यात मोकळी होते, कार्ड एकविसाव्यात. कार्डाचं एकूण व्याज 15,220.

आता पहिली मांडणी. कार्डाला 5,000 दिले तर ते दहाव्या महिन्यात संपतं आणि व्याज जातं 6,437. दहाव्या महिन्यात कार्डाचे शेवटचे 1,437 भरून राहिलेले 3,563 मावशीकडे वळतात, अकराव्यापासून दर महिन्याला तिला पूर्ण 5,500. तिचा शेवटचा हप्ता कितव्या महिन्यात? विसाव्याच! दोनदा मोजलं. कार्डाच्या व्याजावरचा कर धरलेला नाही, पण तो दोन्हीकडे लागतो आणि जास्त व्याज तिथे जास्त.

म्हणजे मी महिनाभर ज्या लाजेने झुरतेय, तिची किंमत 8,783. मावशीला त्यातलं काही मिळालं नसतं, सगळं कार्डवाल्यांना गेलं असतं. हसू आलं खरं तर.

तरी पहिले नऊ महिने तिच्या हातात पाचशेच पडणार, आणि मधेच तिला गरज लागली तर? याला वहीत रकाना नाही. तिला सरळ सांगायचं ठरवलंय: दहाव्या महिन्यापर्यंत असं, मग असं. "सवडीने" या शब्दापेक्षा ते तिलाही बरं वाटेल. की मलाच बरं वाटेल?

एका ठिकाणी मात्र गणिताचं ऐकणार नाही. कार्ड संपल्यावर व्याज वाचवायचं तर ते 5,500 बारा टक्क्यांच्या कर्जात जादा भरायला हवेत, मावशी शून्य टक्क्यांवर बसलेली आहेच. बसलेली आहे म्हणूनच नाही.

सगळं वजा करून महिन्याला 36 उरतात. छत्तीस. एखादा पंखा बंद पडला की कार्डाच्या पाच हजारांतूनच काढावे लागणार आणि दहाव्या महिन्यात मावशीकडे वळणारे 3,563 कमी होणार. तेवढं पेन्सिलने लिहून ठेवलंय. कार्ड कपाटात वरच्या खणात, कुलपात. किल्ली यांच्याकडे.

तपासणी अठरा तारखेला. पाकिटात 3,000 आहेत, तिसरे दीड हजार पगार झाला की.