हरवलेली बॅग मागतंय कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून: "स्वप्नात सारखं काहीतरी हरवतं. कधी मोबाईल, कधी पाकीट, नाहीतर बॅग गाडीत राहते आणि गाडी सुटते. याचा अर्थ काय? काही वाईट तर व्हायचं नसेल ना?"

नाही. स्वप्नाला पुढचं कळत नाही. त्याला कळतं ते मागच्या एक-दोन दिवसांतलं, आणि तेही अर्धवट. कुडाळला मी समुपदेशन करते, तिथे हे विचारायला येणारी माणसं बऱ्याचदा आधी रवळनाथाला कौल लावून आलेली असतात. माझी त्याला हरकत नसते. कौल मिळाला की माणूस जरा निवांत होतो, आणि निवांत माणसाला स्वप्न नीट आठवतं.

स्वप्नातल्या काही गोष्टींना मुळात अर्थच नसतो, त्या आधी बाजूला काढूया. आपली ठसठशीत, लांबलचक स्वप्नं बहुतेक करून झोपेच्या एका खास टप्प्यात पडतात. बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतात तो हा टप्पा. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी तो पहिल्यांदा नोंदवला. साधारण दर दीड तासाने तो येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. या वेळी मेंदूचे भावनांशी जोडलेले भाग जोरात चालतात. कपाळामागचा जो भाग हातातलं काम ध्यानात ठेवतो, 'हे असं कसं?' म्हणून तपासतो, तो मात्र मंदावलेला असतो. त्यामुळे स्वप्नात कुठलीच वस्तू धड टिकत नाही. मघाशी हातात असलेला मोबाईल पुढच्या क्षणी नसतो, कारण तो हातात आहे हे लक्षात ठेवणारा पहारेकरीच पेंगत असतो. नंबर लागत नाही, आकडे बदलतात, बटण दाबलं जात नाही, ही तक्रार तर जवळजवळ प्रत्येकाची. त्यावरून 'माझं कोणी ऐकत नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्या स्वप्नशास्त्राच्या पुस्तिका एसटी स्टँडवर मिळतात. त्या प्रवासात वाचायला बऱ्या.

मग अर्थ असतो कशात? वस्तू नाहीशी झाल्यावर तुम्हाला काय वाटलं, आणि त्या वेळी समोर कोण होतं, यात. कॅल्व्हिन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये स्वप्नांची मोजदाद करायची एक पद्धत मांडली, ती आजही वापरात आहे. तिच्यातला एक भेद मला फार उपयोगी पडतो. वस्तू हरवली तर ती 'आपत्ती'त मोजायची आणि कोणी चोरली तर 'आक्रमणा'त. म्हणजे पाकीट तेच, रिकामा खिसाही तोच, पण नोंद वेगळ्या खान्यात. चोरीच्या स्वप्नात समोर एक माणूस असतो, त्याच्यावर रागावता येतं, त्याच्या मागे धावता येतं. हरवण्याच्या स्वप्नात दोष द्यायला कोणीच नसतं, आपण स्वतः सोडून. ताबा सुटल्याची भावना बहुधा या दुसऱ्या प्रकारात असते.

आणि हरवतात त्याही ठरावीकच वस्तू. स्वप्नात छत्री हरवली म्हणून घामाघूम होऊन उठलेलं कोणी मला भेटलेलं नाही, आणि तेही आमच्याकडच्या पावसात! विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की माणूस ज्या ज्या गोष्टीला 'माझी' म्हणू शकतो, त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे त्याचा 'मी'. १९८८ मध्ये ग्राहकांच्या वागण्याचे अभ्यासक रसेल बेल्क यांनी हाच धागा पुढे नेला आणि दाखवलं की वस्तू हिरावली गेली की माणसाला आपलाच एक तुकडा गेल्यासारखं वाटतं. आता त्या वस्तूंत मोबाईल आला. ओटीपी त्यावर, पैसे त्यावर, आधार त्यावर. मी कोण, हे समोरच्याला पटवून द्यायची साधनं म्हणजे मोबाईल, पाकीट आणि बॅग. म्हणून स्वप्नात काय हरवलं यापेक्षा ते तुमच्याकडे कोण मागत होतं, हे मी आधी विचारते.

एका गृहस्थांचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. साठीचे, मुंबईत एका कंपनीच्या स्टोअर्स विभागात आयुष्य काढलेले. निवृत्त झाल्यावर गावचं घर दुरुस्त करून तिथेच राहायला आले. स्वप्न असं: गाडी कुडाळ स्टेशनात थांबते, ते घाईने उतरतात, बॅग वरच्या बर्थवरच राहते. बॅगेत पाकीट आणि कंपनीचं ओळखपत्र. गाडी निघते. बाहेर पडायच्या दाराशी तिकीट तपासनीस नाही, त्यांचा चुलतभाऊ वही घेऊन बसलाय. तो नाव विचारतो. हे सांगतात. तो वही चाळून म्हणतो, "ह्या नाव हंय नाय." हे खिशातला मोबाईल काढायला जातात, तर बटणं दाबली जात नाहीत.

त्यांनी स्वतःच अर्थ लावून आणला होता: मुंबईची आठवण येते, नोकरी सुटल्याची हुरहुर आहे. ऐकायला बरोबर वाटतं. पण मग चुलतभाऊ तिथे कशाला? मी विचारलं, "गाडी सुटली तेव्हा काय वाटलं? भीती?" ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "नाही हो. लाज वाटली." गाडीमागे ते धावलेही नव्हते. कोणी बघतंय का, एवढंच पाहत उभे राहिले होते.

हुरहुर आणि लाज ही दोन वेगळी माणसं आहेत, त्यांचे पत्तेही वेगळे. म्हणून पुढचा प्रश्न: अशीच लाज जागेपणी शेवटची कधी वाटली? आधी ते "तसं काही नाही" म्हणाले. मग म्हणाले, आदल्या दिवशी वारस नोंदीच्या कामाला गेलो होतो. सातबारावर अजून आजोबांचंच नाव. आमच्याकडे हे घरोघरी आहे. जमीन सामायिक, नावांची रांग, त्यातली निम्मी माणसं मुंबईत आणि निम्मी देवाघरी. तिथे बाकावर बसलेल्या कोणीतरी विचारलं, "तू कोणाचो झील?" यांनी वडिलांचं नाव सांगितलं, तर कोणाला आठवेना. वडीलही मुंबईतच राहिलेले. तेव्हा गोंधळून यांनी पाकिटातून काय काढावं? कंपनीचं जुनं ओळखपत्र. ते कोणी हातातही घेतलं नाही.

हे सांगताना ते स्वतःच थांबले. बॅगेत काय होतं हे त्यांच्या त्यांनाच लक्षात आलं. चाळीस वर्षं ज्या कार्डावर दारं उघडली, ते इथे चालेना. आणि इथे जे चालतं, म्हणजे घराण्याची वहिवाट, चार जणांची ओळख, सातबारावरचं नाव, ते त्यांनी कधी मिळवलंच नव्हतं. वहीवाला चुलतभाऊ आता जागेवर बसला. आपलं नाव लागू नये असं त्याला वाटतं, हा त्यांचा मनातला संशय होता. पण स्वप्नातही बॅग त्याने चोरली नव्हती, ती यांनी स्वतःच गाडीत विसरली होती. पैसे पाठवत राहिलो, कागद पाहिले नाहीत, ही बोच त्यामागे होती.

अर्थ बरोबर लागला की नाही हे कसं ओळखायचं? स्वप्नातला सगळ्यांत विचित्र तपशील त्यात बसतो का, ते पाहायचं. मुंबईच्या आठवणीने चुलतभावाचा उलगडा होत नव्हता, लाजेने झाला. आणि तो अर्थ स्वप्न पाहणाऱ्याच्या तोंडून आला पाहिजे. मला पटवून द्यावा लागत असेल तर तो माझा अर्थ, त्यांचा नव्हे. म्हणून सकाळी उठल्याउठल्या, चहाच्याही आधी, स्वप्न लिहून काढा असं मी सांगते. तासाभराने आठवतं ते आपण नीटनेटकं केलेलं स्वप्न असतं, आणि चुलतभावासारखी माणसं त्यातून पहिल्यांदा गळतात.

त्यांच्या बाबतीत पुढचं काम माझं नव्हतंच, कागदांचं होतं. वारस नोंदीला चुलतभावाची परवानगी लागते असं ते धरून चालले होते. तसं नसतं. मृत्यूचा दाखला आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज करायचा, मग नोटीस निघते, आणि हरकत घेणाऱ्याला १५ दिवस असतात. हरकत घेणं न घेणं चुलतभावाच्या हातात, अर्ज करणं यांच्या हातात. एवढी वाटणी झाल्यावर झोप सुधारली. स्वप्न त्यानंतरही एक-दोनदा पडलं. बॅग राहिलीच, पण या वेळी त्यांनी वहीकडे न जाता स्टेशनमास्तरकडे जाऊन बॅगेची चौकशी केली. यावर मी फार काही बोलले नाही.

आता याच्या अगदी उलट. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात घरंच्या घरं पाण्याखाली गेली. तिथल्या एका बाईंना स्वप्नात कपाट उघडतं आणि कागदांची पिशवी पाण्यावर तरंगत जाते. इथे 'तुमची ओळख वाहून गेली' वगैरे म्हणणं हा चोंबडेपणा ठरेल. ती पिशवी खरंच गेली होती. स्वप्न जेव्हा घडलेल्या गोष्टीची जवळजवळ नक्कल असतं, पुन्हा पुन्हा तेच येतं आणि त्याच्या धास्तीने झोपायलाच नको वाटतं, तेव्हा प्रतीकं शोधायची नसतात. तिथे वेगळा उपाय लागतो. बॅरी क्राकाव या अमेरिकन डॉक्टरांनी त्यावर बरंच काम केलंय. दिवसाउजेडी स्वप्न लिहायचं, त्यात स्वतःला हवा तो बदल करायचा आणि ते नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं, काही आठवडे. बदल कोणता, ते ज्याचं त्याने ठरवायचं. मला वाटलं होतं त्या पाणीच थांबवतील. त्यांनी पाणी येऊ दिलं. फक्त पिशवी आदल्या रात्रीच शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली. पूर आठवून दिवसाही अंग थरथरत असेल तर मात्र हे एकट्याने करू नका, तज्ज्ञाला सोबत घ्या.

आणखी एक साधी चौकशी, जी मी आता पहिल्याच भेटीत करते: ही स्वप्नं नवीन गोळी सुरू झाल्यानंतरची आहेत का? प्रोप्रॅनोलॉलसारख्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि नैराश्यावरच्या काही औषधांनी स्वप्नं भडक होतात. रोजची दारू एकदम सोडली तरी काही दिवस तसंच होतं. तसं असेल तर गोळी आपणहून बंद करू नका. स्वप्नं कधीपासून सुरू झाली ती तारीख डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील किंवा तिची वेळ बदलतील.