प्लास्टिकची ओली बाजू

दक्षिण गोव्यातल्या त्या रिसॉर्टमध्ये मी पहिल्यांदा गेलो तो जुलैचा दुसरा आठवडा होता. दोन इमारती, प्रत्येकीत अठरा खोल्या, बांधून जेमतेम चौदा महिने झालेले. हाऊसकीपिंगच्या ताईंनी दार उघडलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "ओल्या गोणपाटासारखा वास येतो ना? म्हणून आम्ही रिकाम्या खोलीतही एसी अठरावर चालू ठेवतो." हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. निम्मं उत्तर त्यातच होतं, हे मला दुपारी कळलं.

बाहेरच्या भिंतींना आतून महागडा विनाइल वॉलपेपर होता आणि त्यावर ठिकठिकाणी गुलाबी-जांभळे डाग उमटले होते. उष्ण-दमट प्रदेशातल्या एसी हॉटेलांमध्ये काम केलेल्यांना हे डाग ओळखीचे असतात. वॉलपेपरच्या मागे बुरशी वाढते, तिचा रंग विनाइलमध्ये मुरतो आणि पुढून दिसू लागतो. पुसून तो जात नाही, कारण तो पृष्ठभागावर नसतोच.

माझ्या आधी दोन वॉटरप्रूफिंगवाले येऊन गेले होते. भिंत ओली दिसली म्हणजे पाऊस आत येतोय, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की दुसरी शक्यता कोणी मोजूनही बघत नाही. दोघांनी बाहेरच्या सिमेंट बोर्डांच्या सांध्यांत सिलिकॉन भरलं, पैसे घेतले आणि गेले. ओल तशीच राहिली. खरं तर डागांची जागाच सांगत होती की ही गळती नाही. गळतीचा ओघळ वरून खाली येतो, खिडकीच्या कोपऱ्यापाशी किंवा स्लॅबच्या कडेला सुरू होतो. इथे डाग भिंतभर सारखे पसरलेले होते, कपाटामागे जास्त गडद होते, आणि ज्या पूर्वेच्या भिंतीवर पावसाचा मारा जवळजवळ नाही तिथेही तेवढेच होते.

मॉइश्चर मीटरच्या सुया टोचल्या. जिप्सम बोर्डाच्या स्केलवर अर्ध्या टक्क्याच्या आत आकडा असेल तर बोर्ड कोरडा, एकच्या वर गेला तर बोर्ड खराब होतोय असं धरतात. इथे बहुतेक ठिकाणी मीटर थेट वरच्या टोकाला जात होता. मग परवानगी घेऊन कपाटामागे एक फूट बाय एक फुटाचा चौकोन कापला. विनाइल, त्यामागे मऊ पडलेलं जिप्सम, त्यामागे १५० मायक्रॉनचं पॉलिथिन, त्यामागे स्टील फ्रेममध्ये ग्लासवूल, मग हवेचा थोडा पोकळ भाग आणि बाहेर सिमेंट बोर्ड. हा क्रम बघून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. हा तपशील मी स्वतः शेकडो वेळा काढलाय, नऊ वर्षं, कॅनडातल्या एडमंटनमध्ये.

तिथे तो अगदी बरोबर आहे. जानेवारीत बाहेर उणे तीस अंश, घरात एकवीस. स्वयंपाक, आंघोळ, माणसांचा श्वास यांमुळे घरातली हवा बाहेरच्या मानाने कितीतरी दमट असते. ती बाष्प घेऊन भिंतीत शिरली की बाहेरच्या थंड पाटीवर तिचं दव होतं, आणि दवाचा बर्फ. एकदा एका घराची भिंत आम्ही जानेवारीत उघडली. इलेक्ट्रिशियनने पॉलिथिन कापून बॉक्स बसवला होता आणि सांधा पुन्हा बंद केला नव्हता. तेवढ्या भागात बाहेरच्या लाकडी पाटीच्या आतल्या अंगाला फ्रीजरसारखा पांढरा थर जमला होता. मार्चमध्ये तो वितळतो आणि घरमालक म्हणतो छत गळतंय. म्हणून तिथला नियम असा की बाष्परोधक आतून, जिप्समच्या लगेच मागे, प्रत्येक सांधा टेप केलेला. तिथले इन्स्पेक्टर त्या टेपवरून बोट फिरवून बघतात.

गोव्यात ओलीची दिशा उलटी असते. गरम आणि दमट हवा बाहेर असते, गार आणि कोरडी खोलीत. माझ्या मीटरवर त्या दिवशी बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता होती. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश. म्हणजे २६ पेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर तिचं पाणी होणार. खोली २२ वर होती, आणि जिप्समला चिकटलेलं पॉलिथिनही जवळजवळ २२ वरच, कारण ग्लासवूल त्याच्या बाहेरच्या अंगाला. बाहेरची वाफ सिमेंट बोर्ड आणि ग्लासवूल ओलांडून आत येत होती आणि या गार प्लास्टिकवर येऊन थांबत होती. पुढे जाता येत नाही, म्हणून तिथेच पाणी.

रिसॉर्टच्या इंजिनियरला हे पटेना. "आत-बाहेर फरक फक्त सहा अंशांचा. तिकडे पन्नास अंश असतो. इथे एवढं काय होणार?" प्रश्न रास्त होता, आणि बऱ्याच जाणकारांचीही इथेच फसगत होते. वाफेला ढकलणारा जोर तापमानाच्या फरकातून थेट ठरत नाही, बाष्पदाबाच्या फरकातून ठरतो. उणे तीसच्या हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. एडमंटनच्या घरात ३० टक्के आर्द्रता धरली तर आतला बाष्पदाब साधारण ७५० पास्कल येतो आणि बाहेरचा चाळीसेक, म्हणून फरक सातशेच्या आसपास. गोव्यात त्या दिवशी बाहेर ३४०० आणि आत १४५० च्या आसपास, म्हणजे फरक १९५० पास्कल. सहा अंशांच्या मागे अडीच पटीहून जास्त जोर लपलेला होता. मी हे त्याच्या टेबलावर कागदाच्या पाठीवर मांडून दाखवलं तेव्हा त्याने कागद मागून घेतला.

तरी कागदापेक्षा भिंतीतला पुरावा जास्त बोलका असतो. पॉलिथिन ओलं आहे एवढं कळून पुरत नाही, कुठल्या अंगाला ओलं आहे ते बघावं लागतं. मी कडेने ते सोलून उलटं केलं. जिप्समकडचं अंग कोरडं होतं. ग्लासवूलकडच्या अंगावर थेंब होते, काही ओघळून खालच्या स्टील ट्रॅकमध्ये साचले होते, आणि तिथे कधी पुरता न सुकलेला गंज होता. ट्रॅकमधून ते पाणी खालच्या कडेने जिप्समला लागत होतं आणि जिप्सम ते वर शोषून घेत होतं. शिवाय समोर विनाइल. तेही प्लास्टिकच, त्यामुळे एकदा भिजलेल्या जिप्समला खोलीच्या बाजूनेही सुकायला वाट उरली नव्हती.

नुसती झिरपणारी वाफ एवढं पाणी आणत नाही, हे मला ठाऊक होतं. खूप जास्त बाष्प हवेबरोबर, फटींतून येतं. ताईंकडून अगरबत्ती मागून घेतली. बाहेरच्या भिंतीवरच्या प्लगपाशी धरली तर धूर सरळ खोलीत ढकलला जात होता. बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे चोवीस तास चालू, आणि तेवढी हवा आत आणणारी ताज्या हवेची सोय मात्र खर्च वाचवण्यासाठी बंद केलेली. खोली सतत हवा ओढत होती, आणि ती हवा मिळत होती भिंतीच्या पोकळीतून. पंखा बंद केल्यावर धूर सरळ वर गेला. त्यात वासावर उपाय म्हणून एसी अठरावर, म्हणजे प्लास्टिक आणखी गार आणि पाणी आणखी जास्त. ताईंचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

एका खोलीने मात्र मला कुठलीच शंका ठेवली नाही. दुसऱ्या मजल्यावरची लिननची खोली, एसी असलेली, पण तिला विनाइल नव्हतं, साधा रंग होता. बांधताना पॉलिथिनचा रोल संपला म्हणून त्या एका खोलीत ते लावलंच नव्हतं. तिथल्या बाहेरच्या भिंतीवर मीटर अर्ध्या टक्क्याच्या खाली. वाफ तिथेही येत होती, पण अडत नव्हती. खोलीत उतरत होती आणि एसी तिचं पाणी करून नळीने बाहेर टाकत होता.

भिंती लावणारा फॅब्रिकेटर कुडाळचा. त्याला बोलावलं होतं. मी उलटं केलेलं प्लास्टिक त्याने हातात घेतलं आणि म्हणाला, "सायबानू, एक पण सांधो उघडो सोडूक नाय." खरंच सोडला नव्हता. टेप इतकी सुबक की एडमंटनचा इन्स्पेक्टर खूष झाला असता. जिथे त्याचं काम सर्वांत नीट, तिथे भिंत सर्वांत ओली. हे त्याला सांगणं मला त्या दिवसातलं सर्वांत जड गेलं. त्याने थोडा वेळ विचार केला आणि सांगितलं की त्याच्या वडिलांनी रत्नागिरीकडे आंब्याच्या कोल्ड स्टोरेजची कामं केली होती. तिथे आधी भिंतीला गरम डांबर, मग आतून थर्माकोल. "म्हणजे डांबर गरम बाजूक," तो म्हणाला. नेमकं तेच. देशाप्रमाणे नियम बदलत नाही, गरम-दमट बाजू कुठली ते बदलतं. कोल्ड स्टोरेजच्या मिस्त्रीला माहीत असलेली गोष्ट परदेशी ड्रॉइंग तपासणाऱ्या एकाही सल्लागाराने विचारली नाही, याचा मला अजून राग येतो. "थंड हवामानासाठी" ही ओळ त्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छापलेली होती.

माझ्या आजोळच्या चिऱ्याच्या घरात हा प्रश्न कधीच नव्हता, कारण तिथे आत-बाहेर एकच हवा. भिंतीच्या एका बाजूला एसी लागला की दिशा ठरते. आणि जिथे वर्षातले काही महिने हीटर आणि काही महिने एसी, तिथे कुठल्याच बाजूला पॉलिथिन नको. भिंतीला दोन्हीकडे सुकू द्यावं लागतं.

पहिल्या इमारतीत आम्ही बाहेरून काम केलं. सिमेंट बोर्ड उतरवले, ग्लासवूल आणि पॉलिथिन काढलं, फ्रेमवर नवी पाटी बसवून तिच्या बाहेरच्या अंगाला चिकट मेम्ब्रेन लावलं. तेच बाष्प अडवतं, तेच हवा अडवतं. त्याच्यापुढे पाणी निथळायला पोकळी ठेवून बोर्ड परत. आत फक्त जिप्सम आणि वाफ जाऊ देणारा रंग, विनाइल नाही. ताजी हवा आधी गार करून, तिच्यातलं पाणी काढून, एक्झॉस्टपेक्षा थोडी जास्त आत सोडली. आता अगरबत्तीचा धूर प्लगकडे ओढला जातो, उलटा येत नाही.

दुसऱ्या इमारतीसाठी मालकाने पैसे दिले नाहीत. विनाइल काढलं, रंग दिला, एसीच्या रिमोटवर "२५ पेक्षा कमी नको" अशी चिठ्ठी लावली. पॉलिथिन अजून आतच आहे. मी तिथल्या चार भिंतींत सेन्सर बसवून ठेवलेत. जानेवारीत आकडे चांगले होते, बाहेरची हवाच कोरडी होती. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून बाहेरचा दवबिंदू पुन्हा २५ च्या वर जाऊ लागलाय, आणि काल रात्री पहिल्या सेन्सरने शंभर टक्के दाखवले.