दोन ग्रुप कॉमन

आमच्या विभागात नवे साहेब आले, त्या दिवशी मी त्यांचा नंबर सेव्ह केला. सकाळी त्यांना एक फाइल पाठवायची होती, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचं नाव उघडलं. नंबर बरोबर आहे ना, हे बघायला वरच्या नावावर टॅप करून माहितीच्या पानावर गेले आणि खाली सरकवत राहिले. फोटो-फाइली, म्यूट, एन्क्रिप्शन आणि त्याखाली `2 groups in common`. एक ऑफिसचा ग्रुप, तो अपेक्षितच होता. दुसरा होता फिट येणाऱ्या मुलांच्या पालकांचा.

माझ्या मुलीला तिसऱ्या वर्षापासून फिट येतात. ऑफिसात मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. त्या ग्रुपमध्ये मात्र दोन वर्षांत काय काय लिहिलंय, ते माझं मलाच आठवेना.

पहिला विचार सरांबद्दल आलाच नाही. मनात आलं ते हे, की जे मला दिसतंय तेच त्यांनाही दिसणार. त्यांनी माझं नाव उघडलं, की तीच यादी आणि तेच दोन ग्रुप. ही यादी एकतर्फी लपवायची सोय नाही. प्रोफाइल फोटो, लास्ट सीन हे कुणाला दाखवायचं ते आपण ठरवू शकतो, हे नाही. एवढंच बरं, की यात फक्त आत्ता दोघंही जिथे आहोत तेच ग्रुप येतात. माझे बाकीचे ग्रुप त्यांना कळत नाहीत.

मग मी तो ग्रुप उघडला आणि खरा धक्का तिथे बसला. नंबर सेव्ह नसतो तेव्हा ग्रुपमध्ये माणूस फक्त आकडे आणि त्याने स्वतः ठेवलेलं नाव म्हणून दिसतो, नावाआधी छोटी लाट असते. सर इतके दिवस `~SK` होते. मी नंबर सेव्ह केला, आणि त्यांचे सगळे जुने मेसेज एका क्षणात त्यांच्या पूर्ण नावाने दिसायला लागले. चार महिन्यांपूर्वी रात्री साडेबाराला कुणीतरी विचारलं होतं, ‘रात्रीची गोळी उलटीत गेली, परत द्यायची का?’ लोकांनी डॉक्टरांना फोन करायला सांगितलं होतं. तो प्रश्न सरांचा होता. कुणासाठी विचारला होता, हे त्यात नव्हतं. मुलासाठी, भावासाठी, कदाचित स्वतःसाठीही. ग्रुपमध्ये असणं एवढंच सांगतं, की माणूस आत आहे. तो पालक आहे, की औषधांचा अभ्यास करणारा, की कुणी न विचारता घातलेला, हे त्यातून कळत नाही. त्यांचे अजून दोन मेसेज दिसत होते. ते मी वाचले नाहीत. ते लिहिताना मी त्यांच्या समोर नव्हते.

माझे मेसेज मात्र शोधले. मागच्या वर्षी एकदा मी लिहिलं होतं: ‘ऑफिसात पोटदुखी सांगून सुट्टी घेतली, खरं सांगायची हिंमत होत नाही.’ सरांनी माझा नंबर सेव्ह केला असेल, तर त्यांच्या फोनवर या ओळीवर आता माझं नाव असणार.

त्यांनी हे वाचलंय का, हे कळायला मार्ग होता. स्वतःच्या मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि `Info` उघडायचं. कुणी वाचला आणि कुणापर्यंत नुसता पोहोचला, अशा दोन याद्या येतात. निळ्या टिका बंद ठेवल्या तरी ग्रुपमध्ये वाचल्याची नोंद होतेच. नंतर ग्रुपमध्ये आलेला माणूस मात्र या यादीत येत नाही, म्हणून आधी वाटलं, सर तेव्हा नसतीलही. यादी खाली सरकवली. वाचलेल्यांत त्यांचं नाव होतं, रात्री ११ वाजून १४ मिनिटांनी. तेव्हा ते माझे साहेब नव्हते, आणि मी त्यांच्यासाठी नुसती एक लाट आणि टोपणनाव होते.

त्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय का, हे थेट कळत नाही. एक खूण होती. ग्रुपमध्ये त्यांच्या फोटोच्या जागी कायम राखाडी आकृती असायची, आणि आता फोटो दिसत होता. फोटो फक्त आपल्या कॉन्टॅक्टना दाखवणाऱ्याने आपला नंबर सेव्ह केला, की असं होतं. सेटिंग बदललं असलं तरीही होतं, त्यामुळे खात्री नव्हती. पण त्यांनी सेव्ह केलाय, असंच मी धरून चालले.

मग हाताशी काय होतं? तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत दोन दिवसांच्या थोडी पुढे असते, ती कधीच उलटली होती. सरांना ब्लॉक करणं हास्यास्पद, आणि ब्लॉक केलं तरी कॉमन ग्रुप कॉमनच राहतो. ग्रुप सोडला असता तर यादीतून तो ग्रुप गेला असता, पण जुने मेसेज तिथेच राहतात. शिवाय सोडून गेलेल्यांची नावं ग्रुपच्या माहितीत ६० दिवस कुणालाही बघता येतात. नवे साहेब आले आणि त्याच दिवशी मी गेले, हे बाहेर न पडण्यापेक्षा जास्त बोललं असतं.

म्हणून काहीच केलं नाही. चार दिवस फक्त त्यांच्या केबिनमध्ये जाताना पोटात गोळा यायचा.

पाचव्या दिवशी कागद देऊन निघाले, तर सर म्हणाले, “मॅडम, जरा बसा. तो दुसरा ग्रुप तुम्हालाही दिसला असेल ना?”

मी म्हटलं, “हो सर. दिसला.”

“माझा धाकटा भाऊ. बत्तीस वर्षांचा आहे. त्याला हे इथे कळलेलं आवडणार नाही.”

“माझी मुलगी,” मी म्हटलं. “आणि पोटदुखीची सुट्टी मीच घेतली होती.”

“ते मी वाचलं होतं. कुणाचं आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.” थोडं थांबून म्हणाले, “पुढच्या वेळी नुसतं ‘घरी गरज आहे’ एवढंच लिहा. मी कारण विचारणार नाही.”

त्या बोलण्याने माझी काळजी गेली, मुलीची नाही. ती मोठी होईल, आणि तिच्या आजाराची यादी माझ्या नंबरला चिकटलेली राहील. ऑफिसात जो जो माझा नंबर सेव्ह करेल आणि त्या ग्रुपमध्ये येईल, त्याला ती दिसेल. म्हणून त्या महिन्यात मी दुसरं सिम घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एकाच फोनवर दुसरं अकाउंट उघडता येतं. त्यावर फोटो ठेवला नाही, नाव म्हणून एकच अक्षर ठेवलं, ऑफिसात तो नंबर कुणालाही दिला नाही. अ‍ॅडमिनला सांगून त्या नंबरने ग्रुपमध्ये आले आणि मग जुन्या नंबरने बाहेर पडले. आता सरांच्या आणि माझ्या यादीत एकच ग्रुप दिसतो, ऑफिसचा.

जुने मेसेज अजून तिथेच आहेत, जुन्या नंबरवर. परवा सरांनी ग्रुपमध्ये एका नव्या आईला उत्तर दिलं, गोळी उलटीत गेली तर काय करायचं ते डॉक्टरांनी त्यांना कसं समजावलं होतं, सविस्तर. मी दुसऱ्या नंबरवरून त्या आईला हॉस्पिटलमध्ये नेताना काय काय सोबत घ्यायचं ते लिहिलं. ते एकच अक्षर कुणाचं, हे सर ओळखतात.