पित्ताशयातला खडा आणि त्यामागची काळी सावली : माझा अनुभव

माझ्या दुखण्याला ठरलेली वेळ होती. जेवल्याबरोबर काहीच व्हायचं नाही. तास-दीड तासानं, भांडी आवरून आडवं व्हावं म्हटलं, की छातीच्या खाली, बरगड्या मधे मिळतात त्या जागी आवळल्यासारखं सुरू व्हायचं. हळूहळू वाढायचं आणि मग त्याच जोरात टिकून राहायचं. पोटात मुरडा येतो आणि जातो, तसं ते नव्हतं, एकसारखं दुखायचं. ठणका उजव्या खांद्याच्या पात्याखाली पाठीत जायचा, मळमळायचं, आणि बसून, चालून, कुशीवर वळून कशानंच उतार पडायचा नाही. दोन-तीन तासांनी ते आपसूक ओसरायचं. सकाळी मी रोजच्यासारखी कामाला लागलेली असायचे.

सासर अमळनेरचं, माहेर यावल तालुक्यातलं, त्यामुळे खाण्यात तेल-तूप दोन्हीकडे मोकळ्या हातानं. माहेरच्या शेतात हिवाळ्यात पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरताची पार्टी झाली, त्या रात्री दुखलं. लग्नात तूप ओतलेली वरण-बट्टी खाल्ली, त्या रात्री दुखलं. तर्रीवाल्या शेवभाजीनंतरही दुखलं. साध्या भाकरी-भाजीवर मात्र रात्र शांत जायची. सासूबाई म्हणायच्या, "पोटमा वायू धरना व्हई, ओवा खाई ले." ओव्यानं ढेकर यायची, दुखणं तसंच राहायचं. आम्लपित्ताच्या गोळ्यांनीही फरक पडत नव्हता. इथंच आमच्या डॉक्टरांना शंका आली. आधी त्यांनी ईसीजी काढून घेतला, कारण छातीच्या खालचं असं दुखणं हृदयाचंही असू शकतं. तो नीट निघाल्यावर त्यांनी पोटाची सोनोग्राफी लिहून दिली.

सोनोग्राफीला जाताना उपाशी जायचं, हे आपण सगळे ऐकतो. कशासाठी, ते मला तिथे कळलं. पित्त तयार होतं यकृतात. यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या एका लहान पिशवीत ते साठतं आणि घट्ट होतं; ती पिशवी म्हणजे पित्ताशय. सहा ते आठ तास काही खाल्लं नाही की पिशवी पित्तानं भरून फुगते. पडद्यावर पित्त काळंभोर दिसतं, कारण यंत्रानं सोडलेल्या आवाजाच्या लहरी त्या द्रवातून विनाअडथळा जातात, परत फिरत नाहीत. त्या काळ्या पार्श्वभूमीवर खडा लगेच उठून दिसतो. जेवून गेलं तर पिशवी आकसलेली असते, तिची भिंत जाड भासते, आणि जाड भिंत म्हणजे सूज, असा चुकीचा अर्थ निघू शकतो. म्हणून सकाळची वेळ घेतली आणि चहासुद्धा न घेता गेले.

डॉक्टरांनी उताणं झोपवलं, जेल लावलं आणि उजव्या बरगडीखाली प्रोब ठेवून म्हणाले, "ताई, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा." श्वास घेतला की यकृत खाली सरकतं आणि पित्ताशय बरगड्यांच्या आडून बाहेर येतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला, आणि त्या पुढच्या काही मिनिटांत माझ्या कित्येक महिन्यांच्या दुखण्याचा उलगडा झाला.

काळ्या, लांबट पिशवीच्या आत एक पांढरी, ठळक, कमानीसारखी रेघ होती. तिच्या मागून थेट पडद्याच्या तळापर्यंत काळा पट्टा गेला होता. पांढरं दिसतं ते खड्याचं वरचं अंग. आवाजाची लहर पित्तातून येऊन कठीण खड्यावर आदळते, तिचा मोठा भाग परत फिरतो, म्हणून तिथे चकाकी. उरलेली लहर खड्यातच जिरते. पलीकडे काहीच पोहोचत नाही, त्यामुळे पलीकडून काही परतही येत नाही. भिंतीमागे ऊन पोहोचत नाही आणि सावली पडते, तसा तो पट्टा. म्हणजे सावली ही खड्याच्या मागची रिकामी जागा नसते, तिथलं शरीर जसंच्या तसं असतं, फक्त ते यंत्राला दिसत नाही.

पण चकाकी आणि सावली दिसली एवढ्यावर डॉक्टर थांबले नाहीत. पित्ताशयाला लागूनच लहान आतड्याचा पहिला भाग असतो आणि त्यातला वायूसुद्धा पांढरा चमकतो, मागे सावलीही टाकतो. ती सावली मात्र धुरकट, राखाडी असते. खड्याची सावली स्वच्छ काळी, कडा कापल्यासारखी. पित्ताशयाच्या भिंतीवर कधी मांसाची लहान गाठ, म्हणजे पॉलिप असतो. तो सावली टाकत नाही आणि जागचा हलत नाही. साचलेला पित्ताचा गाळ हलतो, पण त्याला सावली नसते. म्हणून त्यांनी मला आधी डाव्या कुशीवर वळवलं, मग उठून बसवलं. बसल्यावर पांढरी कमान घरंगळत पिशवीच्या खालच्या रुंद टोकाकडे गेली आणि सावलीही तिच्याबरोबर गेली. चकाकी, सावली आणि हालचाल, तिन्ही जुळल्यावर ते म्हणाले, "खडाच आहे. एक मोठा, चौदा मिलिमीटरचा, आणि सोबत एक बारका."

मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही हालचाल, कारण जेवण आणि दुखणं यांचा दुवा तिच्यातच आहे. तेल-तूप पोटातून लहान आतड्यात उतरलं की आतड्याच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. ते पित्ताशयाला आकसायला सांगतं, म्हणजे स्निग्ध अन्न पचवायला पित्त मिळावं. स्निग्ध जेवण पोटातून सावकाश उतरतं, म्हणून दुखणं ताटावर सुरू होत नाही, उशिरा होतं. पिशवी आकसते, पित्ताबरोबर खडाही अरुंद मानेकडे ढकलला जातो आणि तिथे बुचासारखा बसतो. पिशवी जोर लावत राहते, आतला दाब वाढतो, भिंत ताणली जाते. त्या ताणाचं दुखणं एकसारखं असतं. पिशवी सैल पडली की खडा मागे घरंगळतो आणि दुखणं थांबतं. उताणं झोपल्यावर खडा मानेच्या बाजूला येतो, रात्री जास्त दुखण्याचं हेही एक कारण मानतात. मध्यभागी दुखणं हेही यातलंच, कारण या अवयवाच्या नसांचा निरोप मेंदूला पोटाच्या वरच्या मधल्या भागातून आल्यासारखा वाटतो.

रिपोर्टमध्ये खड्याच्या मापापेक्षा महत्त्वाच्या दोन ओळी होत्या, त्या मी मुद्दाम समजून घेतल्या. पित्ताशयाच्या भिंतीची जाडी दोन मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक मानतात. आणि पित्त आतड्यात नेणारी नळी, म्हणजे मुख्य पित्तनलिका, चार मिलिमीटर. म्हणजे ती फुगलेली नाही. प्रोबनं नेमकं पित्ताशयावर दाबून श्वास घ्यायला लावला तेव्हा मला झटका बसला नाही. सूज असती तर तिथेच जीव कासावीस झाला असता. थोडक्यात खडा होता, पण तो कुठे रुतलेला नव्हता आणि पिशवी पेटलेली नव्हती. नलिकेतला खडा मात्र सोनोग्राफीत नेहमी सापडतोच असं नाही, आतड्यातला वायू आड येतो. म्हणून यकृताच्या रक्तचाचण्याही केल्या. त्या नीट आल्या.

घरी आल्यावर पानफुटीची पानं आणि कुळथाचं कढण, दोन्ही हजर झालं. देणाऱ्यांची माया खरी, पण ते उपाय लोक मुतखड्यासाठी करतात. पित्ताशयातल्या खड्याचा लघवीच्या वाटेशी संबंधच नाही. कोणी ऑलिव्ह तेल आणि लिंबूरस पिऊन खडे पाडायला सांगितलं. त्यातून शौचात जे हिरवट गोळे पडतात ते तेलापासूनच पोटात तयार झालेले साबणासारखे गोळे असतात; सोनोग्राफी पुन्हा केली तर खडा जागेवरच दिसतो. विरघळवण्याची गोळी असते, पण ती लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, महिनोन्‌महिने घेऊन, आणि बंद केल्यावर खडे परत होऊ शकतात. माझा खडा त्या मापाचा नव्हता. "बारका खडा निरुपद्रवी" हाही समज सर्जननी खोडून काढला. मोठा खडा मानेशी अडतो, पण बारका नलिकेत निसटतो आणि तिथून कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज होऊ शकते.

वारंवार असा झटका येणाऱ्याला दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवतात, मलाही तीच सुचवली. खडा नाही, अख्खी पिशवी काढतात, कारण पिशवी ठेवली तर ती पुन्हा खडे करते. तारीख मिळेपर्यंत तेल-तूप कमी ठेवलं. त्यानं झटके कमी झाले, खडा तेवढाच राहिला. जेवणच सोडून झपाट्यानं वजन उतरवायचं नाही, हेही बजावलं होतं, त्यानं खडे वाढतात. शस्त्रक्रिया जळगावला झाली. पित्त आता यकृतातून थेट आतड्यात झिरपतं. सुरुवातीला काही दिवस शौच पातळ झालं, मग बसलं. रात्रीचं ते आवळणं परत आलं नाही. जास्त तिखट खाल्लं की जळजळ अजून होते. ती खड्याची नव्हतीच, आणि सर्जननी ते आधीच सांगितलं होतं.

माझ्या जेठाणीचं वेगळं निघालं. तिच्या किडनीसाठी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयातही तशीच पांढरी कमान आणि तशीच काळी सावली दिसली. माझं पाहून ती घाबरली आणि लगेच ऑपरेशनची भाषा करू लागली. सर्जननी तिला बराच वेळ विचारलं: जेवणानंतर टिकून राहणारं दुखणं, पाठीत जाणारा ठणका, रात्री उठवणारी कळ? काहीच नव्हतं. गॅस होतो, पोट फुगतं, पण ते खडा नसलेल्यांनाही होतं. असा मुका खडा बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाही, म्हणून तिची पिशवी तशीच ठेवली आहे. तिला फक्त एवढं लिहून दिलंय, की पाच-सहा तासांवर टिकणारं दुखणं, दुखण्यासोबत ताप किंवा थांबत नसलेल्या उलट्या, डोळे पिवळे होणं, लघवी चहासारखी गडद आणि शौच फिकट होणं, यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. तो कागद तिच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.