तुम्ही विचारलंत म्हणून: अमोनिया-फ्री की अमोनियावाला?

"अमोनिया-फ्री कलरने पांढरे केस नीट झाकले जातात का, की ते फक्त वास नको असणाऱ्यांसाठी आहे?"

झाकले जातात. पूर्ण झाकले जातात, फक्त बॉक्समध्ये नेमकं काय आहे ते बघून घ्यायला हवं. केस रंगवायचं काम करताना मला हा प्रश्न सारखा येतो आणि गोंधळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो, लोक पांढरे झाकणं आणि केस उजळ करणं म्हणजे लिफ्ट, हे एकच समजतात.

पर्मनंट कलरमध्ये एक अल्कली लागतोच. तो केस फुगवतो म्हणजे रंग आत जातो, आणि डेव्हलपरमधल्या पेरॉक्साइडला कामाला लावतो. हा अल्कली एकतर अमोनिया असतो नाहीतर त्याच्याऐवजी दुसरं काहीतरी, बहुतेक वेळा इथेनॉलअमाइन, मागच्या बारीक अक्षरातल्या यादीत शोधा, सापडेल. म्हणजे अमोनिया-फ्री म्हणजे केमिकल-फ्री वगैरे अजिबात नाही, पेरॉक्साइड दोन्हीत आहे.

आता पांढऱ्या केसात मूळ रंगद्रव्य उरलेलंच नसतं, त्यामुळे तिथे लिफ्ट करायला काही नाही, नुसता रंग आत जाऊन बसायला हवा. तेवढं काम इथेनॉलअमाइनवाला कलर ६ टक्क्यांच्या डेव्हलपरबरोबर व्यवस्थित करतो. मग "माझे झाकलेच गेले नाहीत" असं लोक का म्हणतात? तर बऱ्याचदा त्यांनी घेतलेला कलर डेमी-पर्मनंट असतो, तोही अमोनिया-फ्रीच, पण त्याचा डेव्हलपर २ टक्क्यांच्या आसपास. तो पांढऱ्यावर पातळ छटा चढवतो, झाकत नाही, आणि धुता धुता उतरत जातो. दुसरं कारण म्हणजे घाई. कानशिलांजवळचे केस हट्टी असतात, तिथे सगळ्यात आधी आणि जाडसर लावायचं आणि पॅकवरची पूर्ण वेळ ठेवायचं, वीस मिनिटांत धुतलं तर अमोनियावालाही तिथे हात टेकतो.

खरा फरक लिफ्टमध्ये आहे. समजा एखादीचे मूळ केस गडद ब्राऊन, शेड कार्डावर ३ नंबर, त्यात निम्म्याहून जास्त पांढरे, आणि तिला हवाय ६ नंबरचा गोल्डन. अमोनिया-फ्री ६ टक्क्यांबरोबर लावला की पांढरे केस छान गोल्डन होतात, अगदी झगझगीत, पण काळे जेमतेम एक लेव्हल वर येतात, फार तर दोन. मुळाशी चमकणारे सोनेरी आणि मध्येमध्ये गडद केस असं ठिपकेदार काहीतरी दिसतं आणि मग दोष येतो "कव्हरेज नाही" असा, खरं तर कव्हरेज झालंय, लिफ्ट नाही झाली. अमोनिया आणि ९ टक्के डेव्हलपर घेतला तर काळे दोन-तीन लेव्हल चढतील, पण गडद केस उचलले की खालून लालसर-नारिंगी निघतोच, आणि केसही जास्त कोरडे होतात. मी तिला काय सांगेन? ६ सोडा, ५ वर या, ५ चा नॅचरल आणि ५ चा गोल्डन निम्मा-निम्मा मिसळा, ६ टक्के डेव्हलपर, अमोनिया-फ्री चालेल. नुसती गोल्डन किंवा लाल शेड पांढऱ्यावर पारदर्शक बसते, नॅचरल मिसळल्यावर तिला भरीव बेस मिळतो. आणि हो, आधीच रंगवलेल्या केसांवर दोन्हीपैकी काहीही लावलंत तरी ते फिके होणार नाहीत, कलरने कलर उचलला जात नाही, ही सगळी गोष्ट फक्त नव्या वाढलेल्या मुळांची.

वासाबद्दल. अमोनिया उडून जातो म्हणून तर तो नाकात जातो, डोळे चुरचुरतात, पण उडतो म्हणजे केसातून जातोही. इथेनॉलअमाइन सहसा उडत नाही, म्हणून वास सौम्य, थोडा विचित्र, पण ते केसात मागे राहतं. त्यामुळे अमोनिया-फ्री जास्त वेळ धुवायचा, पाणी स्वच्छ येऊन केसांचा निसरडेपणा जाईपर्यंत, आणि मग बॉक्समधला कंडिशनर टाळायचा नाही, तो बहुतेक वेळा आम्लधर्मी असतो आणि राहिलेला अल्कली शांत करतो. सौम्य वास म्हणजे केसांना सौम्य असं मी तरी म्हणणार नाही.

एक मात्र, ज्यांना कलरने खाज किंवा सूज येते त्यांनी अमोनिया-फ्रीवर भरवसा ठेवू नका. ती अ‍ॅलर्जी बहुतेक पीपीडी किंवा तिच्या जवळच्या रंगद्रव्यांची असते आणि ती दोन्ही बॉक्समध्ये असू शकतात. ४८ तास आधी पॅच टेस्ट दोन्हीसाठी करायची, आणि आधी कधी सूज आली असेल तर टेस्टही घरी न करता आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.