माझा अनुभव: बारा वर्षांनी सीए ऑफिसात परत आले आणि एका पिवळ्या शीटमधे अडकले

नोकरी परत मिळणं हा भाग माझ्या बाबतीत अवघड नव्हताच, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. जुन्या सरांना फोन केला, ते म्हणाले सोमवारपासून ये, पगाराचं नंतर बोलू. (हे मात्र कुणी करू नका, पगाराचं आधीच बोला.) २०१३ मधे मुलीच्या वेळेस सोडलं होतं, मग सासूबाईंचं आजारपण, मग लॉकडाऊन, असं करत करत २०२५ उजाडलं. आम्ही इंदूरलाच, ऑफिस पलासियाच्या बाजूला, आमच्या बऱ्याचशा पार्ट्या म्हणजे क्लायंट सियागंज बाजारातल्या. जागा तीच होती, पाटीही तीच, पण आतलं काम पार बदललेलं.

मी सोडलं तेव्हा एमपी व्हॅट होतं. बाहेरून माल आला की फॉर्म ४९, दुसऱ्या राज्यात विकला की समोरच्याकडून सी फॉर्म गोळा करायचे, आणि खरेदीवरचा टॅक्स परत घ्यायचा म्हणजे रिबेटसाठी हातात नीट टॅक्स इन्व्हॉइस हवं. पार्टी पिशवीत बिलं घेऊन यायची, आम्ही ती लावायचो. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी अजूनही म्हणते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आलं तेव्हा मी घरी होते, मुलीला पाढे शिकवत होते.

येण्याआधी मी एक ऑनलाइन कोर्स केला होता, सर्टिफिकेटसकट. त्यात रेट, स्लॅब, कुठला फॉर्म कुठल्या तारखेला हे सगळं होतं आणि ते पाठही होतं. पण पहिल्याच आठवड्यात समोर जे आलं ते त्या कोर्समधे कुठेच नव्हतं.

आलं काय, तर टूबीचं रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या खरेदीची बिलं पोर्टलवरच्या यादीशी जुळवणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: सप्लायर दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आपली विक्री जीएसटीआर-१ मधे टाकतो, त्यावरून १४ तारखेला आपल्या पार्टीची जीएसटीआर-२बी पोर्टलवर तयार होते, आणि त्यात जी बिलं दिसतील तेवढाच इनपुट टॅक्स, म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स, २० तारखेच्या थ्रीबी रिटर्नमधे क्रेडिट म्हणून घेता येतो. २०२२ पासून हा नियम अगदी पक्का झालाय. म्हणजे हातात बिल आहे, माल गोदामात आहे, सप्लायरचे पैसेही दिलेत, तरी त्याने बिल अपलोड केलं नसेल तर क्रेडिट नाही. माझ्या डोक्यात व्हॅटच्या काळातलं "बिल आहे ना, मग झालं" हे इतकं घट्ट बसलेलं की हे पचायला वेळ लागला. आणि टीमला हे इतकं रोजचं झालंय की यात सांगण्यासारखं काही आहे हेच त्यांना वाटत नाही.

मला दिली सियागंजची एक हार्डवेअरची पार्टी, जुलै महिना. टॅलीत इनपुट ४,३२,००० आणि टूबीत ३,९०,६००, म्हणजे फरक ४१,४०० चा. आणि सोबत एक गूगल शीटची लिंक, ज्यात प्रत्येक पार्टीच्या न जुळणाऱ्या बिलांच्या ओळी रंगवून ठेवलेल्या. पिवळ्या, गुलाबी, काही निळ्या. रंग म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नाही. रिमार्कचा कॉलम आहे पण रिकामा.

आता इथे मला राग येतो तो अजून गेलेला नाही. मी शेजारच्या पोरीला विचारलं पिवळं म्हणजे काय, ती म्हणाली "मॅडम, वो पेंडिंग है." बरं, गुलाबी? "वो भी पेंडिंग है." मग दोन रंग कशाला? तर हसली आणि हेडफोन लावले. ज्याने शीट बनवली तो पुण्याला गेलेला. आमचा मॅनेजर म्हणजे तो, जो माझ्या वेळेस शिकाऊ आर्टिकल होता आणि माझी चलनं बँकेत भरून यायचा, आता त्याला सगळे सर म्हणतात आणि मी अरे-तुरे करू की अहो-जाहो हेच मला पहिले काही दिवस कळेना (त्यानेच "ताई, तू तूच म्हण" म्हणून सोडवलं, तेवढं बरं केलं). तो म्हणाला, "ताई, दोन महिने बघ, आपोआप समजेल." अरे पण २० तारीख दोन महिने थांबणारे का! मुद्दाम कुणी छळत होतं असं नाही, ते जास्त सोपं गेलं असतं. ते सगळे २०१७ च्या गोंधळात एकत्र शिकले, रात्री दोन दोनपर्यंत पोर्टल हँग व्हायचं तेव्हा एकत्र बसलेले, त्यांच्यात बोलून झालेल्या गोष्टी कागदावर कधी आल्याच नाहीत.

मग मी विचारणं बंद केलं आणि एकेक ओळ घेऊन बसले. आणि इथून पुढचं ज्यांना खरंच परत यायचंय त्यांनी नीट वाचा.

पहिली गोष्ट, शीटमधे न जुळलेल्या ओळी ढीगभर होत्या पण त्यातल्या बहुतेक खऱ्या नव्हत्याच. सप्लायरने बिल नंबर टाकलाय आरजे/०४५/२५-२६ आणि आपल्या टॅलीवाल्याने टाकलंय नुसतं ४५. व्हीलुकअप नंबरवर लावला की दोन्हीकडे "सापडलं नाही" येणार. मी नंबर सोडला आणि सप्लायरचा जीएसटी नंबर, टॅक्सेबल रक्कम आणि तारीख अशा तिन्हीवर जुळवलं, तर ढीग उतरला आणि मोजकी बिलं उरली.

दुसरी, ४१,४०० हा आकडा शोधत बसू नका, तो कुठेच नसतो. टॅलीत आहे पण टूबीत नाही अशी बिलं निघाली ४५,००० ची, आणि उलट टूबीत आहे पण टॅलीत नाही असे ३,६००. ते ३,६०० म्हणजे बँकेने सीसी म्हणजे कॅश क्रेडिटचं लिमिट रिन्यू करताना घेतलेल्या २०,००० प्रोसेसिंग फीवरचा १८ टक्के जीएसटी, जो आपल्या माणसाने २३,६०० सरसकट बँक चार्जेसमधे टाकून दिलेला. दोन्ही बाजू वेगळ्या काढल्याशिवाय हे दिसतच नाही, वजाबाकीत एकमेकांना खाऊन टाकतात.

आता ते ४५,०००. यातलं १८,००० चं बिल राजकोटच्या एका छोट्या सप्लायरचं, एक लाखाचा माल. शीटमधे पिवळं. पोर्टलवर लॉगिन न करता सर्च टॅक्सपेयरमधे कुणाचाही जीएसटी नंबर टाकता येतो, तिथे त्याने कुठलं रिटर्न कधी भरलं हे दिसतं आणि तो मंथली आहे का क्वार्टर्ली हेही दिसतं. हा निघाला क्वार्टर्ली. पाच कोटींपर्यंत टर्नओव्हर असलेल्यांना तिमाही रिटर्न चालतं, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी आयएफएफमधे, म्हणजे महिन्याची बिलं आधीच चढवायच्या सोयीत, बिलं टाकली तर टाकली, सक्ती नाही. याने टाकलं नाही, म्हणजे जुलैचं बिल सप्टेंबरच्या टूबीत, १४ ऑक्टोबरला दिसणार. यात भांडण नाही, फक्त थांबायचं.

९,९०० चंही पिवळंच. पण हा मंथली होता, त्याने जीएसटीआर-१ च ११ तारखेनंतर भरलं, म्हणून बिल पुढच्या महिन्याच्या टूबीत सरकलं. म्हणजे कळलं का, दोन वेगळ्या माणसांनी पिवळा रंग दोन वेगळ्या अर्थाने वापरलाय, आणि मी त्यातला एक अर्थ शोधत बसले होते. कुणी सांगितलं असतं तरी अर्धंच सांगितलं असतं.

गुलाबी होतं १७,१०० चं, आणि खरी गडबड तीच. सप्लायरने जीएसटीआर-१ वेळेवर भरलेलं, त्यामुळे थांबून काही होणार नव्हतं. फोन केला, त्याच्याकडून त्याच्या रिटर्नची ओळ मागवली, तर बिल चढवलेलं आमच्या पार्टीच्या भावाच्या फर्मवर. नाव जवळजवळ सारखं, बाजार एकच, नंबर वेगळा. आता पोर्टलवर आयएमएस आलंय, ऑक्टोबर २०२४ पासून, त्यात आलेलं बिल ॲक्सेप्ट, रिजेक्ट किंवा पेंडिंग करता येतं, पण काहीच केलं नाही तर ते ॲक्सेप्ट धरलं जातं. भावाच्या अकाउंटंटने काहीच केलेलं नव्हतं. म्हणजे आमचं क्रेडिट आरामात तिकडे जाऊन बसलेलं. हे थांबायच्या रंगात नाही तर भांडायच्या रंगात हवं, आणि शेवटची मुदत असते आर्थिक वर्ष संपल्यावरची ३० नोव्हेंबर, ती गेली की गेलं.

मग मी तो रिकामा रिमार्क कॉलम भरला. चारच प्रकार: क्वार्टर्ली आहे थांबा, उशिरा भरलं पुढच्या महिन्यात बघा, चुकीच्या नंबरवर चढलंय फोन करा, आपल्याच बुकात नाही. समोर कुणाला फोन केला आणि कधी. रंग सगळे काढून टाकले. मॅनेजरने बघितलं, काही बोलला नाही, दोन दिवसांनी ग्रुपवर मेसेज: सगळ्या पार्ट्यांच्या शीटमधे ताईसारखे रिमार्क टाका. हेडफोनवाली मला विचारायला आली "मॅडम, ये उशिरा भरलं मतलब?" मी सांगितलं, नीट पूर्ण सांगितलं, पण आधी हेडफोन काढायला लावले.

हां, ओटीपीचं राहिलं. रिटर्न फाइल करताना ओटीपी पार्टीच्या मोबाइलवर जातो, आणि सियागंजमधे दुपारी कुणीही फोन उचलत नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी मेसेज टाकून ठेवायचा की आज ओटीपी लागेल, नाहीतर २० तारखेला संध्याकाळी तुम्ही आणि पोर्टल दोघं एकमेकांकडे बघत बसता. आणि परत येण्याआधी कोर्स करण्यापेक्षा ओळखीतल्या एखाद्या दुकानदाराची खरी टूबी आणि त्याच महिन्याचं खरेदी रजिस्टर मागून घ्या, एक महिना जुळवून बघा. मामा, मावसभाऊ, कुणीतरी असतंच.

राजकोटवाल्याचं बिल १४ ऑक्टोबरला बरोब्बर आलं, १८,००० सप्टेंबरच्या थ्रीबीत घेतले. ९,९०० त्याआधीच मिळाले होते. १७,१०० साठी सप्लायर "करतो, करतो" म्हणत होता, शेवटी पार्टीला सांगून त्याचं पुढचं पेमेंट अडवलं तेव्हा कुठे त्याने दुरुस्ती टाकली. भावाच्या अकाउंटंटला ते रिव्हर्स करायला लावायचंय, तो सध्या माझा फोन उचलत नाहीये.