गिरमिट आधी खा, कॅमेरा मग काढा: निपाणी ते खानापूर गाड्यांचा फेरा

बेळगावकडच्या गिरमिटाचे, म्हणजे मसाल्यात कालवलेल्या चुरमुऱ्यांचे, व्हिडिओ बघून निघालात तर पहिल्या प्लेटलाच फसाल. व्हिडिओत चुरमुरे दाताखाली वाजतात, निवेदक ‘भन्नाट’ म्हणतो, दर ‘एकदम स्वस्त’ असतो आणि स्वच्छतेबद्दल एक तर चकार शब्द नसतो, नाहीतर नाक मुरडलेलं असतं. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर असा फेरा करून निष्कर्ष एवढाच की यातली निम्मी वाक्यं गाडीवर टिकत नाहीत, आणि दोष बहुतेक वेळा गाडीवाल्याचा नसतो. स्वतः रिव्ह्यू करायला निघाला असाल तर पुढचं वाचा. महामार्ग, पार्किंग, बसची वेळ यांबद्दल इथे काही नाही. एकच सांगतो: चारच्या आधी जाऊ नका, बहुतेक गाड्या संध्याकाळच्या. खानापूरकडचा भाग निवांत, तिथे काही बिघडलं नाही, म्हणून त्यावर लिहिण्यासारखंही फारसं नाही.

सगळ्यात वाईट टप्पा कुठला? प्लेट हातात आल्यापासूनची पहिली चार मिनिटं. गिरमिट म्हणजे भेळ नव्हे. भेळेत चटण्या वेगवेगळ्या पडतात. इथे मसाला एकच आणि तो शिजवलेला: तेलात मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा, हळद, मग चिंचेचा कोळ आणि गूळ घालून दाट होईपर्यंत आटवलेला. ऑर्डर आली की पातेल्यात चुरमुरे, त्यावर पळीभर मसाला, मूठभर फुटाणा डाळीची पूड, कच्चा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि दोन-तीन हात ढवळणं. त्या डाळपुडीकडे लक्ष ठेवा. ती मसाल्यातलं पाणी शोषते म्हणून चुरमुरे थोडा वेळ तग धरतात. पूड कमी पडली किंवा मसाला पातळ असला की प्लेट तुमच्यापर्यंत येईतो तळाला लगदा झालेला असतो.

आणि नेमकं याच वेळी लोक शूटिंग करतात. आधी वरून शॉट, मग चमच्याचा क्लोजअप, मग गाडीची पाटी, मग ‘नमस्कार मित्रांनो’. पाच-सात मिनिटांनी पहिला घास तोंडात जातो आणि कॅमेऱ्यासमोर निकाल: ‘थोडं मऊ पडलंय’. मऊ पडणारच! पोराने चरचरीत कालवून दिलेलं तुम्ही भिजवलंत आणि नाव त्याचं खराब केलंत. उपाय साधा आहे. पहिली प्लेट खायची, कॅमेरा बंद. दोन घासांतच चव टिपून घ्यायची. दुसरी प्लेट शूटिंगसाठी घ्यायची आणि तिच्यावरून मत द्यायचं नाही. पार्सलवरून तर कधीच देऊ नये. ‘हितंच खातासा काय पार्सल?’ असं विचारतात तेव्हा उत्तर ‘हितंच’. पार्सल लागलंच तर मसाला वेगळा बांधून मागा आणि घरी कालवा.

मऊ आणि वातड यांत मात्र फरक करा, कारण इथे गाडीवाल्याची जबाबदारी खरोखर येते. मसाल्याने भिजलेला चुरमुरा जिभेवर विरघळतो. आधीच सादळलेला चुरमुरा चिवट लागतो, चावताना आवाज न करता दबतो. बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की उघड्या पोत्यातले चुरमुरे सहज सादळतात. जाणता गाडीवाला ते कढईत पुन्हा भाजून घेतो किंवा डब्यात झाकून ठेवतो. शंका आली तर कालवण्याआधी चिमूटभर कोरडे चुरमुरे मागून चावून बघा. कुणी नाही म्हणत नाही. ते वाजले तर मऊपणा मसाल्याचा किंवा तुमच्या उशिराचा, वाजले नाहीत तर स्क्रिप्टमध्ये सरळ लिहा: ‘चुरमुरे सादळलेले होते, महिना जुलै.’ महिना लिहिलाच पाहिजे, नाहीतर डिसेंबरात जाणारा उगाच ते ठिकाण टाळेल.

चवीची वाक्यं लिहिताना ‘चटपटीत’ हा शब्द हद्दपार करा, त्यातून काहीच कळत नाही. पहिल्या घासात आंबट पुढे आलं की गोड? तिखट लगेच लागलं की गिळल्यावर घशात? डाळपूड भाजलेली लागली की कच्ची, पिठूळ? मसाल्यातला कांदा पुरता शिजला होता का? एवढी चार उत्तरं झाली की चवीचा भाग झाला. सोबतच्या मिरची भजीला दोन वाक्यं पुरेत. ती बहुतेक ठिकाणी अर्धी तळून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा तेलात सोडतात. ही इथली पद्धत आहे, ‘शिळी भजी गरम करून दिली’ असं म्हणू नका. दुसऱ्यांदा सोडताना तेल पुरेसं तापलेलं नसेल तर भजी तेल पिते आणि दाबली की बोटं माखतात, ते जरूर लिहा. सोडा जास्त झाला की आवरण लालसर, जाळीदार होतं आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. तिखटपणावर मात्र एका मिरचीवरून बोलू नका, एकाच टोपलीतली एक मिळमिळीत आणि दुसरी डोळ्यांतून पाणी काढणारी निघते.

आता दर. या फेऱ्यात डोकं फिरवणारं प्रकरण हेच. समजा पाटीवर गिरमिट 40 लिहिलंय. प्लेट मागितली, ताटलीच्या कडेला दोन मिरच्या, म्हणजे मिरची भजी, आल्या, खाल्ल्या, चहा घेतला. बिल 70. लगेच व्हिडिओचं शीर्षक तयार: ‘लूट’. प्रत्यक्षात मिरच्या वेगळ्या, दहाला एक, आणि चहा दहा. गिरमिटाच्या कडेला मिरची ठेवायची इथली सवय आहे, तिचे पैसे बहुतेकदा वेगळे असतात आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते सांगावं लागत नाही. कधी कडेला नुसती तळलेली हिरवी मिरची असते, ती फुकट. तेव्हा आधीच विचारा: ‘काका, मिरची धरून किती?’ एवढं विचारलंत तर पुढचा वाद होतच नाही. विचारलं नाही आणि बिलावर कुरकुर केली तर चूक तुमची.

स्क्रिप्टमध्ये दर असा सांगा की ऐकणाऱ्याला हिशेब करता यावा: कशाला किती, एका प्लेटमध्ये काय काय, कोणत्या महिन्यात. ‘स्वस्त’, ‘महाग’ हे शब्द काढून टाका. जत्रेतला दर मात्र गाडीचा दर म्हणून कधीच सांगू नका. चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत किंवा सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गर्दीच्या दिवसांत जागेचं भाडं, पाण्याचा टँकर, माणसांची मजुरी सगळंच वाढतं. तिथे पाटी नसेल आणि दर तोंडी असेल तर आधी ठरवा, मग खा. खाऊन झाल्यावर आकडा ऐकून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणी न सांगता दीडपट घेणारे भेटतात, आणि ते चूकच आहे, त्यावर पांघरूण घालायची गरज नाही.

स्वच्छतेचा भाग सगळ्यात नाजूक, आणि सगळे तिथेच घसरतात. नियम एकच: जे दिसलं ते सांगा, जे वाटलं ते नाही. ‘घाणेरडं’ हे मत झालं. ‘ताटल्या एकाच बादलीत बुडवून काढत होते, पाणी अर्धा तास बदललं नाही’ हे निरीक्षण झालं. बोलायचं वस्तूबद्दल, माणसाबद्दल नाही, आणि त्याच वाक्यात खाणाऱ्याने काय करावं ते जोडायचं.

गिरमिटात धोका कुठे आहे हे कळलं की काय बघायचं तेही कळतं. शिजलेल्या, आंबट मसाल्याची चिंता कमी. कच्चा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर यांची जास्त, कारण ते पुढे शिजत नाही. कांदा समोर चिरला की सकाळीच चिरून उघडा ठेवला? पैसे घेणारा हात आणि कालवणारा हात एकच का? पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर झाकण आहे का, आणि पाणी दांड्याच्या ओगराळ्याने काढतात की पेलाच आत बुडवतात? एवढ्या तीन गोष्टी बघा. भजी गरम तेलातून थेट ताटलीत येते, तिच्याबद्दल फार काळजी नको. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ देणं अन्नसुरक्षेच्या 2018च्या पॅकेजिंग नियमांनी बंद आहे, तरी सर्रास चालतं. त्यावर भाषण न देता ‘डबा घेऊन जा, कागदावर देतात’ एवढंच सांगा.

तेलाबद्दल जपून. तेल बाद ठरवण्याचा अधिकृत निकष पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचा, 25 टक्क्यांचा आहे आणि तो उपकरणाने मोजतात. बेसन आणि हळद पडली की चांगलं तेलही काळवंडतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून ‘जळकं तेल’ म्हणू नका. भजी काढल्यावरही फेस बसत नाही, रिकाम्या कढईतून धूर निघतोय आणि खाल्ल्यावर कडवटपणा राहतोय, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर बोला.

आणि ‘इथे खाऊन पोट बिघडलं’ हे वाक्य कधीच टाकू नका. काही जंतूंचा त्रास दोन-चार तासांत होतो, काहींचा दोन-तीन दिवसांनी. दुपारी संकेश्वरात जेवलेला, संध्याकाळी बेळगावच्या खडेबाजारात तीन गाड्यांवर खाल्लेला माणूस रात्री आजारी पडला तर दोष कुणाचा, हे तो सांगूच शकत नाही. शेवटच्या गाडीवर मात्र ठपका बसतो आणि तिचा धंदा बसतो.

हे सगळं धरून एका गाडीची स्क्रिप्ट अशी होते:

‘गिरमिट 40 रुपये, मिरची भजी दहाला एक, जुलैचा दर. आंबट पुढे, गूळ मागून येतो, तिखट मध्यम. डाळपूड छान भाजलेली, पण मसाला जरा पातळ, म्हणून लगेच खा. मिरची कुरकुरीत, आतून तेलकट नाही. कांदा समोर चिरून देतात. कालवणारे आणि पैसे घेणारे एकच आहेत, सुट्टे पैसे काढून ठेवलेत किंवा फोनवरून दिलेत तर त्यांचाही हात मोकळा राहतो. पाणी स्वतःचं न्या. पार्सल घेऊ नका.’

वाचायला अर्धं मिनिट लागतं. कुणाचा अपमान नाही, आणि लपवलेलंही काही नाही. गाडीवाल्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचता येतं का, हे बघा. जे वाक्य त्याच्यासमोर म्हणवत नाही ते पुन्हा लिहा.

गोबी मंच्युरीच्या गाडीवर मात्र वेगळा प्रश्न येतो. मार्च 2024मध्ये कर्नाटक सरकारने तिच्यात कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. लालभडक प्लेट दिसली तरी ‘बंदी असलेला रंग’ असा आरोप करू नका, ब्याडगी मिरचीही चांगला लाल रंग देते. ‘अण्णा, कलर घालतासा काय?’ असं साधेपणाने विचारा आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं सांगा. बोटांना लागलेला रंग पाण्याने धुतल्यावरही गुलाबी राहिला तर तेही सांगा, निष्कर्ष ऐकणाऱ्यावर सोडा.

शेवटचं, फक्त या भागापुरतं: गावाचं नाव आणि पाटीची भाषा यांवर व्हिडिओत एक शब्दही बोलू नका. चर्चा गिरमिटावरून सीमाप्रश्नावर जाते, आणि तुम्ही घरी परतल्यावर उत्तरं देत बसायची वेळ गाडीवाल्यावर येते.